प्रोग्रॅमिंग न येणाऱ्याने बनवलेले मागणीचे ॲप सगळ्या संस्थेला देण्यापूर्वी

प्रश्न: मी प्रशासन विभागात आहे, प्रोग्रॅमिंग येत नाही. पॉवर ॲप्स आणि शेअरपॉइंट वापरून साहित्य मागणी व मंजुरीचे ॲप मी स्वतः बनवले. आमच्या विभागातले 40 जण चार महिने ते वापरत आहेत. आता सगळ्या संस्थेला ते हवे आहे, पण आयटी विभाग अडवतो आहे. आमच्यासारख्यांनी नेमके काय बनवावे आणि कुठे थांबावे?

उत्तर:

मागणीचा फॉर्म, वरिष्ठांकडे जाणारी मंजुरी, तिची ईमेल आणि शेवटी एक यादी, हे नो-कोड साधनांचे हक्काचे क्षेत्र आहे. तपासणीच्या नोंदी, वस्तूंची देवघेव, बैठक-कक्षाची नोंदणी, नव्या कर्मचाऱ्याच्या रुजू होण्याची कामे हीदेखील याच जातीची. एका नोंदीचा एक ठरलेला प्रवास आहे, तो चारपाच टप्प्यांत संपतो आणि चूक झाली तर माणूस ती हाताने दुरुस्त करू शकतो, अशी कोणतीही प्रक्रिया प्रोग्रॅमर नसलेली व्यक्ती उत्तम बनवू शकते. किंबहुना ती प्रक्रिया रोज करणारी व्यक्ती असल्यामुळे अनेकदा प्रोग्रॅमरपेक्षा चांगली बनवते. म्हणून आयटी विभागाचा आक्षेप तुमच्या पडद्यांवर असेल असे मला वाटत नाही. पडद्यांच्या मागे काही गोष्टी अशा आहेत की 40 माणसांत त्या दिसत नाहीत आणि 600 माणसांत पहिल्याच महिन्यात दिसतात. तुमच्या संस्थेत 600 जण आहेत असे धरून त्या एकेक पाहू.

सर्वांत आधी बिघडेल तो शोध. 40 जणांकडून दिवसाला सरासरी सहा मागण्या येतात असे धरले, तर महिन्याच्या 22 कामाच्या दिवसांच्या हिशेबाने चार महिन्यांत 528 नोंदी होतात. हा आकडा मुद्दाम काढला, कारण पॉवर ॲप्समध्ये 500 ही एक न दिसणारी रेघ आहे. ॲपमधले सूत्र शेअरपॉइंटला समजण्यासारखे असेल, तर शोधण्याचे काम सर्व्हरवर होते आणि संपूर्ण यादीतून उत्तर येते. याला डेलिगेशन म्हणतात. सूत्र शेअरपॉइंटला समजले नाही, तर ॲप यादीतल्या पहिल्या 500 नोंदी आपल्याकडे मागवून घेते आणि फक्त त्यांच्यातच शोधते. बहुतेक जण शोधाची चौकट अशी लिहितात:

```
Filter(Magani, TextInput1.Text in Tapshil)
```

यातला `in` शेअरपॉइंटकडे सोपवता येत नाही. त्यामुळे 501वी आणि तिच्यापुढची नोंद यादीत असूनही शोधात सापडत नाही. कुठलीही त्रुटी दिसत नाही, पडदा फक्त रिकामा राहतो. लक्षण ओळखायला सोपे आहे: जुन्या मागण्या बिनचूक सापडतात आणि कालपरवाच्या सापडत नाहीत. लोक म्हणतात की ॲप नोंदच घेत नाही, मग तीच मागणी दुसऱ्यांदा भरतात आणि यादीत दुबार नोंदी वाढू लागतात. एकूण मागण्यांचा आकडा दाखवण्यासाठी `CountRows` वापरले असेल, तर तो आकडा 500 वर येऊन थिजतो. सूत्र लिहिताना निळी नागमोडी रेघ आणि पिवळा त्रिकोण दिसतो तो याचाच इशारा असतो. ॲप चालते आहे म्हणून आपण तो सोडून देतो.

सेटिंगमधली `Data row limit` ही मर्यादा 500 वरून 2000 पर्यंत नेता येते आणि मदत मागितली की बहुतेक ठिकाणी हाच सल्ला मिळतो. तो दुखणे लांबवतो, बरे करत नाही. संस्थेतले 600 जण याच प्रमाणात मागण्या करू लागले, तर दिवसाला 90 नोंदी येतील आणि 2000 चा आकडा जेमतेम एका महिन्यात भरेल. खरा उपाय म्हणजे शोधाचे सूत्र बदलणे:

```
Filter(Magani, StartsWith(Title, TextInput1.Text))
```

`StartsWith` शेअरपॉइंटला समजते. शब्द मधोमध शोधण्याची सोय जाते, पण मागणी-क्रमांक `Title` मध्ये ठेवला तर ती फारशी लागतही नाही. दुसरे म्हणजे विभाग, स्थिती असे ज्या रकान्यांवरून तुम्ही नोंदी गाळता, त्यांना यादी 5000 नोंदींच्या पुढे जाण्याआधीच शेअरपॉइंटमध्ये इंडेक्स लावून ठेवा. त्या आकड्यापुढे शेअरपॉइंट स्वतःच अडून बसते आणि मग इंडेक्स लावणेही कटकटीचे होते. तपासणीची एक युक्ती मी प्रत्येक ॲपवर वापरतो: `Data row limit` थोड्या वेळासाठी 1 करायची आणि सगळे पडदे फिरून पाहायचे. ज्या यादीत एकच नोंद उरते, तिथले सूत्र डेलिगेट होत नाही.

ही झाली तांत्रिक अडचण, ती तुमची तुम्ही सोडवू शकता. आयटी विभागाला खरी धास्ती असते ती परवानग्यांची, आणि माझ्या मते ती रास्त आहे.

तुमच्या ॲपमध्ये "मंजूर करा" हे बटण फक्त अधिकाऱ्यांना दिसते, असे तुम्ही नक्कीच केले असेल. बहुधा `Visible` मध्ये ईमेल पत्त्याची अट घातली असेल. पण बटण लपवणे म्हणजे परवानगी नाकारणे नव्हे. मागणी भरणारा माणूस शेअरपॉइंटच्या यादीत नोंद घालू शकतो याचा अर्थ त्या यादीवर त्याला लिहिण्याची परवानगी आहे, आणि ही परवानगी तुमच्या ॲपपुरती नसून त्या यादीची आहे. त्याने ब्राउझरमध्ये यादीचा पत्ता उघडला की सगळ्यांच्या मागण्या समोर येतात. त्याने ग्रिडमध्ये संपादन सुरू केले, आपल्या ओळीतला स्थितीचा रकाना "प्रलंबित"चा "मंजूर" केला, तर तुमचे ॲप ते निमूटपणे मंजूर म्हणूनच दाखवील. 40 जणांच्या विभागात हे कोणी करत नाही, कारण सगळे एकमेकांना ओळखतात. तिथली सुरक्षा ओळखीवर चालते आणि 600 जणांत ती ओळख उरत नाही.

यावर यादीच्या `Advanced settings` मध्ये `Item-level Permissions` हा पर्याय आहे. त्यातून प्रत्येकाला फक्त स्वतःच्या नोंदी वाचता आणि बदलता येतील असे करता येते. इतरांच्या मागण्या त्यामुळे झाकल्या जातात, तरी मुख्य भोक तसेच राहते: स्थितीचा रकाना मागणी करणाऱ्याच्याच ओळीत आहे आणि स्वतःची ओळ तो बदलू शकतोच. शेअरपॉइंटमध्ये एखाद्या रकान्यापुरती वेगळी परवानगी देण्याची सोय नाही. म्हणून मागणी आणि निर्णय या दोन वेगळ्या याद्या करा. पहिलीत कर्मचारी लिहितो. दुसरीत फक्त मंजुरीचा फ्लो, म्हणजे पॉवर ऑटोमेटमध्ये बनवलेली आपोआप चालणारी कामांची साखळी, लिहितो, कारण नवी नोंद आल्यावर आपोआप सुरू होणारा फ्लो तो बनवणाऱ्याच्या कनेक्शनने चालतो, मागणी करणाऱ्याच्या नव्हे. कर्मचाऱ्यांना दुसऱ्या यादीवर केवळ वाचनाची परवानगी द्या आणि भांडारातल्या माणसाने वस्तू देताना ही दुसरी यादीच प्रमाण मानावी. मंजुरीच्या वेळी मागणीचा तपशील आणि नग निर्णयाच्या नोंदीत उतरवून घ्या, नाहीतर मंजुरीनंतर एका नगाचे दहा नग करण्याची वाट मोकळी राहते.

डेटाव्हर्स या पॉवर ॲप्ससाठीच्या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमध्ये ओळीपुरत्या आणि रकान्यापुरत्या परवानग्या मुळातच आहेत, त्यामुळे हा सगळा खटाटोप लागत नाही. पण शेअरपॉइंटवर चालणारे ॲप बहुतेक संस्थांच्या नेहमीच्या मायक्रोसॉफ्ट 365 परवान्यात बसते, तर डेटाव्हर्सवरच्या ॲपसाठी ते वापरणाऱ्या प्रत्येकाला वेगळा परवाना लागतो. त्यामुळे सुरक्षेचा निर्णय अनेक ठिकाणी प्रत्यक्षात परवान्याच्या खर्चावर होतो, आणि तो तसा झाला आहे हे कोणी कागदावर लिहीत नाही. माझा ठोकताळा असा की खाजगी माहिती, पगार, आरोग्य किंवा पैशांची अंतिम मंजुरी असेल तर शेअरपॉइंटवर थांबू नये. खुर्च्या, मॉनिटर आणि कागदाच्या रिमांसाठी दोन याद्यांची रचना पुरेशी आहे.

परवानगीची ही गफलत फक्त नवशिक्यांची नव्हे. 2021 मध्ये अपगार्ड या सुरक्षा-संशोधन कंपनीने उघड केले की पॉवर ॲप्स पोर्टल्सवर बनवलेल्या संकेतस्थळांमधून 47 संस्थांच्या मिळून 3 कोटी 80 लाख नोंदी कोणालाही वाचता येत होत्या. त्यांत लसीकरणाच्या भेटींची आणि कोविड संपर्क-शोधाची माहितीही होती. कोणी काही फोडले नव्हते. यादी वेबवर उपलब्ध करण्याची सोय चालू केली होती आणि टेबलच्या परवानग्या वेगळ्याने चालू कराव्या लागतात हे राहून गेले होते. नंतर मायक्रोसॉफ्टने या परवानग्या मुळातच चालू ठेवायला सुरुवात केली. तुमच्या प्रश्नापुरता यातून एक नियम निघतो: संस्थेबाहेरच्या लोकांना लॉगिन किंवा पान द्यायचे असेल, तर ते काम सुरक्षा जाणणाऱ्या माणसाच्या तपासणीशिवाय करू नये. तिथे मी स्वतःही दुसऱ्या डोळ्यांची मदत घेतो.

आता आयटी विभाग ज्याला धोरण म्हणतो ते. पॉवर प्लॅटफॉर्मवर प्रशासक डेटा धोरणे लावतात. त्यांना सवयीने डीएलपी, म्हणजे माहितीची गळती रोखणारी धोरणे, म्हटले जाते. या धोरणात प्रत्येक कनेक्टर, म्हणजे ॲप किंवा फ्लोला एखाद्या सेवेशी जोडणारा दुवा, `Business`, `Non-Business` किंवा `Blocked` अशा तीनपैकी एका गटात असतो. पहिल्या दोन गटांतले कनेक्टर एकाच ॲपमध्ये किंवा एकाच फ्लोमध्ये एकत्र येऊ शकत नाहीत आणि तिसऱ्या गटातले वापरताच येत नाहीत. शेअरपॉइंट आणि ऑफिसचे आउटलुक पहिल्या गटात व जीमेल दुसऱ्यात असेल, तर मंजुरीची प्रत जीमेल कनेक्टरने पाठवणारा फ्लो चालणार नाही. धोरण नंतर लागले तर आधीपासून सुरळीत चालणारा फ्लोही थांबवला जातो. "काल चालत होते, आज आपोआप बंद पडले" या तक्रारीचे कारण पुष्कळदा हेच असते.

मात्र हे धोरण मजकूर वाचत नाही. कोणते कनेक्टर शेजारी बसले आहेत एवढेच ते पाहते. आउटलुकमधून बाहेरच्या पत्त्यावर यादी जोडून पाठवली, तर या धोरणाच्या दृष्टीने त्यात काहीच गैर नाही. ते अडवायला वेगळी व्यवस्था लागते. त्यामुळे फ्लो जतन झाला म्हणजे त्याला परवानगी मिळाली असे समजू नका. हवा असलेला कनेक्टर बंद असेल, तर माहिती ईमेलने स्वतःच्या खाजगी खात्यावर पाठवून तिथून पुढे नेण्याची पळवाट काही जण काढतात. तसे केले की पुढच्या वेळी तुमचे म्हणणे कोणी ऐकून घेणार नाही.

यानंतरचा मुद्दा कागदावर किरकोळ वाटतो, पण मी प्रत्यक्षात सर्वाधिक ॲप यामुळेच पडलेली पाहिली आहेत. तुमचा फ्लो तुमच्या नावाने, तुमच्या कनेक्शनवर चालतो. एका संस्थेत मी सल्लागार असताना अशाच मागणीच्या ॲपची निर्माती नोकरी सोडून गेली आणि नियमानुसार तिचे खाते बंद झाले. ॲप उघडत होते, फॉर्म भरले जात होते, "मागणी नोंदवली" असा संदेशही येत होता. मात्र मंजुरीची ईमेल कोणालाच जात नव्हती, कारण फ्लोचे कनेक्शन तुटले होते. फ्लो अयशस्वी झाल्याची सूचना त्याच्या मालकाला जाते, आणि ती जात होती त्याच बंद पडलेल्या खात्यावर. शेवटी एका विभागाने "आमची मागणी कुठे अडली?" असे विचारण्यासाठी फोन केला तेव्हा प्रकार उघड झाला, आणि तोवर सत्तरहून अधिक मागण्या तुंबल्या होत्या. सतत अपयशी ठरणारा फ्लो 14 दिवसांनी प्लॅटफॉर्म स्वतःच बंद करतो, त्यामुळे आणखी उशीर झाला असता तर तो पुन्हा चालू करण्याचे कामही वाढले असते.

म्हणून साध्या रजेवर जाण्याआधीही एक सहमालक नेमा. संस्थाभर नेताना फ्लोची कनेक्शन व्यक्तीच्या खात्यावर न ठेवता आयटी विभागाच्या ताब्यातल्या सेवा-खात्यावर न्या. आयटी विभागाचा होकार प्रामुख्याने इथेच लागतो, कारण असे खाते तुम्ही स्वतः काढू शकत नाही आणि काढूही नये.

मंजुरीच्या फ्लोची आणखी एक मर्यादा आहे. पॉवर ऑटोमेटमधली फ्लोची एक फेरी जास्तीत जास्त 30 दिवस जिवंत राहते. अधिकारी दीर्घ रजेवर गेला आणि त्याने उत्तर दिले नाही, तर फेरी संपते आणि मागणी "प्रलंबित" म्हणून कायमची पडून राहते. फेऱ्यांचा इतिहास 28 दिवसच दिसतो, त्यामुळे नंतर काय झाले हे शोधायलाही काही उरत नाही. `Start and wait for an approval` या कृतीच्या सेटिंगमध्ये मुदत घालता येते. दहा दिवसांसाठी ती अशी लिहितात:

```
P10D
```

त्यापुढच्या कृतीला `Configure run after` मध्ये `has timed out` निवडा आणि तिथून मागणी पर्यायी अधिकाऱ्याकडे वळवा. प्रत्येक टप्प्याची तारीख आणि निर्णय निर्णयाच्या यादीतच लिहून ठेवा, प्लॅटफॉर्मच्या इतिहासावर विसंबू नका.

ॲप आणि फ्लो ज्या कप्प्यात राहतात त्याला एन्व्हायर्नमेंट म्हणतात, आणि तुमचे ॲप आज बहुधा डीफॉल्ट एन्व्हायर्नमेंटमध्ये असेल. तिथे संस्थेतल्या प्रत्येकाला बनवण्याचा अधिकार आपोआप मिळतो, ते एन्व्हायर्नमेंट काढून टाकता येत नाही आणि तिथल्या गर्दीत कोणते ॲप महत्त्वाचे आहे हे प्रशासकाला कळत नाही. शिवाय तुम्ही दुपारी चालत्या ॲपमध्ये बदल करून प्रकाशित केला, की तो 600 जणांपर्यंत पोहोचतो. आयटी विभागाकडे दोन वेगळी एन्व्हायर्नमेंट मागा, एक बनवण्यासाठी आणि एक वापरासाठी. ॲप व फ्लो एका सोल्यूशनमध्ये, म्हणजे एकत्र हलवता येणाऱ्या गठ्ठ्यात, घाला. पहिल्यातून दुसऱ्यात ते सोल्यूशन आयटी विभाग नेईल. बदल तुम्हीच कराल, फक्त ते थेट चालत्या ॲपवर होणार नाहीत.

प्लॅटफॉर्म बंद पडला तर काय, हा प्रश्न आयटी विभाग विचारील आणि तो उगाच नाही. गुगलचे ॲप मेकर 19 जानेवारी 2021 रोजी बंद झाले, ॲमेझॉनचे हनीकोड 29 फेब्रुवारी 2024 रोजी. अशा वेळी याद्यांमधली माहिती बाहेर काढता येते, पण पडदे, सूत्रे आणि फ्लो दुसरीकडे उचलून नेता येत नाहीत. प्रक्रियेचे नियम, म्हणजे किती नगांपर्यंत कोण मंजूर करतो, मुदत किती, पर्यायी अधिकारी कोण, हे साध्या भाषेत दोन पानांवर लिहिलेले असतील, तर नव्या साधनावर ॲप पुन्हा उभे करणे काही दिवसांचे काम आहे. लिहिलेले नसतील तर लोकांना विचारत बसावे लागते, आणि प्रत्येक जण वेगळे सांगतो.

पुढे कधी वित्त विभाग सांगेल की मंजूर मागणी थेट लेखा-प्रणालीत खर्च म्हणून चढवा. तिथे थांबा. दोन प्रणालींमध्ये पैशांची नोंद जुळवताना एक पायरी यशस्वी होऊन दुसरी अपयशी ठरली, तर पहिली मागे कशी घ्यायची याचे उत्तर लागते. फ्लोच्या चौकटी ओढून ते उत्तर नीट देता येत नाही. तेवढा भाग प्रोग्रॅमरने बनवून तुम्हाला एका कनेक्टरच्या रूपात द्यावा आणि फॉर्म, मंजुरीचे टप्पे, ईमेलचा मजकूर तुमच्याकडे राहावा, अशी वाटणी मी सुचवीन.

क्रमाबद्दल एक सूचना. निर्णयाची वेगळी यादी आणि तिच्या परवानग्या आधी करा, एन्व्हायर्नमेंट बदलण्याचे काम त्यानंतर. उलट केले तर ॲप नव्या जागी जाऊनही याद्यांच्या चुकीच्या परवानग्या तशाच राहतात, 600 जण त्या याद्यांवर लिहू लागतात, आणि मग चालू मागण्या न हरवता यादी दुभंगणे हे पहिल्या दिवशीच्या एका दुपारच्या कामाऐवजी आठवड्याचे काम होऊन बसते.